सुरक्षेची अट पाळता येत नाही तेव्हा: अपवादाचा अर्ज आणि मंजुरीची पद्धत कशी आखावी

माहिती सुरक्षा विभागात, विशेषतः जीआरसीच्या, म्हणजे कारभार, जोखीम आणि नियमपालनाच्या, कामावर नव्याने रुजू झालेल्यांकडे एक काम लवकरच येते. सुरक्षेची ठरलेली बेसलाइन, म्हणजे किमान अटी, एखाद्या टीमला पाळता येत नसेल, तर तिने अपवाद कसा मागावा आणि तो कोणी, कशाच्या आधारे मंजूर करावा, याची पद्धत बसवण्याचे हे काम. ते कागदी समजून नवख्यांना दिले जाते. प्रत्यक्षात कंपनीने कोणता धोका कोणाच्या सहीने आणि किती काळासाठी पत्करला, हे याच अर्जावर ठरते. एका औषधनिर्मिती कंपनीत ही पद्धत आखण्याचे काम माझ्याकडे होते. त्यातले एकच प्रकरण धरून अर्जातला प्रत्येक महत्त्वाचा रकाना का ठेवला, ते सांगतो.

प्रकरण गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतले होते. औषधाच्या नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राला जोडलेला संगणक विंडोज 7 वर चालत होता. या प्रणालीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी थांबवला आणि पैसे भरून मिळणारे सुरक्षा अपडेटही जानेवारी 2023 मध्ये संपले. आमची बेसलाइन सांगत होती की प्रत्येक संगणकावर सपोर्ट असलेली प्रणाली असावी आणि गंभीर पॅच 30 दिवसांत बसावा. प्रयोगशाळेची अडचण खरी होती. यंत्राचे सॉफ्टवेअर त्या आवृत्तीत नव्या विंडोजवर चालत नव्हते, आणि यंत्र, संगणक व सॉफ्टवेअर यांचे व्हॅलिडेशन, म्हणजे ते ठरल्याप्रमाणेच काम करतात याची कागदोपत्री सिद्धता, एकत्र झालेले असल्यामुळे त्यातली एक गोष्ट बदलली, तरी बदल तपासून नोंदवणारे चेंज कंट्रोल, यंत्रणेची पुन्हा चाचणी म्हणजे क्वालिफिकेशन, आणि गुणवत्ता हमी विभागाची, म्हणजे क्यूएची, मंजुरी हे सगळे ओघाने येत होते. तोवर यंत्र बंद ठेवता येत नव्हते, कारण चाचणीशिवाय बॅच बाहेर जात नाही.

जुन्या अर्जात ‘कारण’ नावाचा एकच मोठा रकाना होता. त्यात लिहिलेले होते: ‘व्हेंडर सपोर्ट नाही. व्यवसायाची गरज. कायमस्वरूपी सूट मिळावी.’ या तीन वाक्यांवरून निर्णय घेता येत नाही, कारण तीन निरनिराळ्या परिस्थिती त्यांत एकाच सुरात सांगितल्या जातात. म्हणून नव्या अर्जात कारणाचा प्रकार आधी निवडायला लावला: तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही, शक्य आहे पण ठरलेल्या मुदतीत नाही, किंवा हे नियंत्रण या यंत्रणेला लागूच पडत नाही. पहिल्या प्रकारात व्हेंडरचे पत्र किंवा सुसंगततेची अधिकृत यादी जोडणे सक्तीचे केले. दुसऱ्यात कामाचे टप्पे आणि तारखा मागितल्या. तिसऱ्या प्रकारातले अर्ज मुळात अपवादाचे नसतातच. ते बेसलाइनची व्याप्ती दुरुस्त करण्यासाठी आमच्याकडे वळवले जातात. प्रयोगशाळेने पहिला प्रकार निवडला होता. व्हेंडरचे पत्र आले तेव्हा कळले की नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती उपलब्ध आहे, फक्त तिची खरेदी आणि क्वालिफिकेशन व्हायचे आहे. म्हणजे प्रकरण दुसऱ्या प्रकारातले निघाले आणि ‘कायमस्वरूपी’ हा शब्द तिथेच गळाला.

‘कोणत्या यंत्रणेसाठी’ हा रकाना साधा वाटतो, पण तोही मोकळा सोडू नये. ‘प्रयोगशाळेतील सर्व संगणक’ असे लिहिण्याची सोय ठेवली, तर पुढे आलेला प्रत्येक नवा संगणक न मागता त्या मंजुरीत शिरतो. अर्जात मालमत्ता नोंदवहीतला क्रमांकच स्वीकारावा. नोंदवहीत यंत्र नसेल, तर आधी ते तिथे नोंदवले जावे.

धोका किती आहे, हे अर्जदाराला एक ते पाच गुणांत विचारू नये, असे माझे ठाम मत आहे. स्वतःच्या अडचणीचे मोजमाप करताना माणूस प्रामाणिक असूनही ‘कमी’ असेच लिहितो. त्याऐवजी वस्तुस्थितीचे प्रश्न विचारावेत: या संगणकावरून इंटरनेट उघडते का, ईमेल येते का, पेनड्राइव्ह चालतो का, कार्यालयीन नेटवर्कवरून तिथपर्यंत पोहोचता येते का, आणि तो बंद पडला तर काय थांबते. या उत्तरांवरून धोक्याची पातळी सुरक्षा विभागाने ठरवावी आणि ती कशी ठरवली, ते अर्जदाराला दिसेल असे ठेवावे.

पर्यायी नियंत्रणांचा रकाना हा अर्जाचा गाभा आहे, आणि सर्वाधिक कच्चे काम इथेच सापडते. मूळ नियंत्रण ज्या धोक्यासाठी होते, तोच धोका पर्यायाने अडवला पाहिजे. पॅच नसलेल्या संगणकाला मुख्य धोका नेटवर्कवरून येणाऱ्या हल्ल्याचा असतो. त्यावर उपाय म्हणून ‘पासवर्ड लांब ठेवला आहे’ असे लिहिले, तर ते चांगले असूनही या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मे 2017 मधला वॉनाक्राय हा मालवेअर याच वाटेने पसरला होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, पण ज्या संगणकांवर तो बसलेला नव्हता, तिथे वापरकर्त्याने काहीही न उघडता वॉनाक्राय एसएमबीच्या, म्हणजे फाइल शेअरिंगच्या, 445 क्रमांकाच्या पोर्टमधून आत शिरला.

प्रयोगशाळेने लिहिले होते: ‘संगणक स्वतंत्र व्हीलॅनमध्ये आहे.’ प्रयोगशाळा प्रमुख मॅडम मला म्हणाल्या, “अहो, ते मशीन वेगळ्याच नेटवर्कवर आहे, तुम्ही निर्धास्त राहा.” त्यांचे म्हणणे खरे होते; व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा तोडून काढलेला भाग, वेगळाच होता. तरीही मंजुरीआधी प्रत्येक पर्यायी नियंत्रण तपासायचे, हा टप्पा पद्धतीत होता, म्हणून नेटवर्क टीमच्या सहकाऱ्यासोबत कार्यालयातल्या साध्या लॅपटॉपवरून हे चालवून पाहिले:

```
Test-NetConnection 10.20.30.41 -Port 445

TcpTestSucceeded : True
```

व्हीलॅन वेगळा होता, पण दोन व्हीलॅनमधल्या नियमात 445 सगळ्यांसाठी उघडा होता. कारण शोधले तेव्हा समजले की विश्लेषक आपल्या टेबलावरच्या संगणकावरून क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे चाचणीच्या आलेखांच्या, फाइली थेट त्या यंत्राच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून उचलत होते. हा त्यांचा हलगर्जीपणा नव्हता. कामाची दुसरी वाट त्यांना कोणी दिलीच नव्हती. उपाय असा काढला की फाइलींची दिशा उलटवायची. एचपीएलसीचा संगणक स्वतःहून एका ठरलेल्या फाइल सर्व्हरवर फाइली पाठवील, विश्लेषक त्या तिथून घेतील, आणि त्या संगणकाकडे येणारी सगळी जोडणी बंद होईल. विंडोज 7 ला एसएमबी 2.1 येत असल्यामुळे जुना एसएमबी 1 बंद करण्यातही अडचण नव्हती. शिवाय पेनड्राइव्ह बंद केले आणि ठरलेलीच सॉफ्टवेअर चालतील अशी अनुमत यादी लावली. या सगळ्यांना क्यूएच्या चेंज कंट्रोलमधून जावे लागले, कारण व्हॅलिडेशन झालेल्या संगणकावरची सेटिंग सुरक्षा विभागाला परस्पर बदलता येत नाही. त्यामुळे मंजुरीच्या वाटेत क्यूएचा टप्पा आधीपासूनच ठेवावा. शेवटी ठेवला, तर सगळे ठरल्यावर काम अडते.

म्हणून अर्जात प्रत्येक पर्यायी नियंत्रणापुढे तीन गोष्टी येतात: ते सांभाळणारी व्यक्ती, ते लागू असल्याचा पुरावा, आणि पुन्हा तपासण्याची तारीख. पुरावा म्हणजे नेटवर्कचा आराखडा नव्हे. आराखडा काय असायला हवे ते सांगतो. वरच्यासारख्या चाचणीचा तारखेसह निकाल काय आहे ते सांगतो. बदलानंतर तीच चाचणी `False` आली, तेव्हाच अर्ज पुढे सरकला.

आता सही कोणाची, हा प्रश्न. सुरक्षा विभागाने अपवाद ‘मंजूर’ करू नये. त्याने धोक्याविषयी लेखी मत द्यावे आणि पर्यायी नियंत्रणे तपासल्याचे नोंदवावे. उरलेला धोका स्वीकारण्याची सही त्या माणसाची हवी, ज्याच्या कामाचे नुकसान होईल आणि ज्याच्या हातात दुरुस्तीचे पैसे आहेत. आयएसओ 27001 मध्येही उरलेल्या धोक्याला संमती जोखमीच्या मालकाकडूनच घ्यायची असते. कमी पातळीला विभागप्रमुख, मध्यम आणि उच्च पातळीला प्लांटप्रमुख, अशी साधी मांडणी आम्हाला पुरली. या प्रकरणात ती सही प्लांटप्रमुखांची होती. त्यांच्यापुढे तांत्रिक अहवाल न ठेवता एकच वाक्य ठेवले: ‘या संगणकात मालवेअर शिरला, तर या यंत्रावरची चाचणी थांबेल आणि त्यावर अवलंबून असलेल्या बॅच अडकतील, हा धोका सप्टेंबरअखेरपर्यंत आपण स्वीकारत आहात.’ त्यांनी सही करण्याआधी विचारले, “नवे सॉफ्टवेअर घ्यायला काय अडले आहे?” अडले होते बजेट, आणि ते मंजूर करणारे तेच होते. सही योग्य माणसाकडे गेली की हा प्रश्न आपोआप विचारला जातो. आमच्याकडे आली असती, तर तो आम्हालाच कोणाला तरी विचारत फिरावे लागले असते.

मुदतीची कमाल मर्यादा पातळीनुसार ठरवावी. आमच्याकडे उच्च पातळीला तीन महिने, मध्यमला सहा आणि कमीला बारा होती. पर्यायी नियंत्रणांनंतर हे प्रकरण मध्यम पातळीत बसले आणि मुदत खरेदीच्या टप्प्यांशी जोडली. एप्रिलमध्ये बजेट, जुलैपर्यंत खरेदी, सप्टेंबरअखेर क्वालिफिकेशन. मुदत संपली की काय होईल, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. ‘नेटवर्कवरून तोडले जाईल’ असे लिहिणे सोपे आहे, पण बॅच अडवणारी कारवाई कोणी करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्या वाक्याचा धाक पहिल्याच वेळी संपतो. आम्ही अमलात येईल अशी अट ठेवली: मुदतीच्या 30 दिवस आधी सूचना, आणि मुदत उलटल्यास प्रकरण सही करणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत. नूतनीकरणासाठी जुन्या अर्जावर फक्त तारीख बदलू देऊ नये. गेल्या खेपेला दिलेले टप्पे पूर्ण झाले का, याचे उत्तर आणि चाचण्यांचे ताजे निकाल मागावेत. टप्पे चुकले असतील, तर सही एक पायरी वर जाते.

मंजुरीनंतर संगणकांतल्या त्रुटी शोधणाऱ्या व्हल्नरेबिलिटी स्कॅनरमध्ये त्या संगणकाचे निष्कर्ष झाकावे लागतात, आणि इथे एक चूक नेहमी होते. पूर्ण होस्टच, म्हणजे अख्खा संगणकच, यादीतून वगळला जातो. मग त्या संगणकावर उद्या दुसरीच काही त्रुटी आली, तरी ती कोणाला दिसत नाही. वगळायचा तो फक्त मंजूर निष्कर्ष, त्याच होस्टसाठी, आणि अपवादाच्याच अंतिम तारखेपर्यंत. नोंदीत अपवादाचा क्रमांकही असावा.

अर्ज किती वेळात निकाली निघतो, यावर लक्ष ठेवावे. आठवडेच्या आठवडे उत्तर मिळाले नाही, तर टीम अर्ज करणे सोडतात, आणि ते कळते ते स्कॅनरमध्ये अर्ज नसलेले उल्लंघन वाढू लागल्यावर. उलट, एकाच नियंत्रणासाठी अनेक विभागांतून अर्ज येत असतील, तर ते नियंत्रणच तपासायला हवे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी तसेच घडले. 30 दिवसांचा नियम कार्यालयीन संगणकांना समोर ठेवून लिहिलेला होता, म्हणून व्हॅलिडेशन झालेल्या यंत्रणांसाठी वेगळी बेसलाइन काढली. तिच्यात वर सांगितलेली नेटवर्कची बंधने हीच मूळ अट झाली आणि तसे बरेच अर्ज येणे थांबले.

अपवाद बंद करणे हाही अर्जाचाच शेवटचा टप्पा आहे. नवा संगणक क्वालिफाय झाल्यावर स्कॅनरमधली नोंद काढली, फायरवॉलमधला त्या जुन्या संगणकाचा नियम काढला, मालमत्ता नोंदवहीत तो निवृत्त दाखवला, आणि त्याच्या डिस्कवरील मूळ चाचणी नोंदी जतन-कालावधी संपेपर्यंत वाचता येतील अशा ठिकाणी गेल्याची क्यूएची सही घेतली. ही सही आल्याशिवाय अर्जाची स्थिती ‘बंद’ होत नाही.