चांगल्या उमेदवाराला नकार कळवताना

जागा एक आणि चांगले उमेदवार दोन, असं झालं की दुसऱ्याला ठरावीक छापाचा मेल जातो आणि तो पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही. सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कारखान्यात मी आता मुलाखत संपताच प्रत्येकाचं एक नेमकं उत्तर टिपून ठेवते. निवडलेल्याचा लेखी होकार आला की त्याच दिवशी मेल, नकार पहिल्याच ओळीत:

“निर्यात विभागातील जागेसाठी या वेळी आपली निवड झालेली नाही. दोन लॉटमधला रंगाचा फरक ग्राहकाला कसा समजवावा, हे आपण नमुना दाखवून सांगितलंत, ते आम्हाला मनापासून पटलं. निवडलेल्या उमेदवाराला निर्यातीच्या कागदपत्रांचा थेट अनुभव होता. दिवाळीनंतर याच विभागात जागा निघण्याची शक्यता आहे. तेव्हा आपल्याला कळवू का?”

तशी शक्यता खरोखर नसेल, तर शेवटची दोन वाक्यं गाळा.