जॉबची वेस्टेज एका आकड्यात भरू नका

छपाईच्या जॉबला एस्टिमेटपेक्षा कागद जास्त लागला, एवढंच ईआरपी सांगतं. कुठे गेला ते कळत नाही. म्हणून जॉब कार्डवर मेकरेडी आणि रनिंग या दोन वेगळ्या ओळी करा. शीट आणि मिनिटं, दोन्ही तिथेच भरायची.

उदाहरणार्थ, चांगल्या शीट 2,500 हव्या होत्या, वेस्टेज 150 धरली होती (मेकरेडी 100, रनिंग 50). स्टोअरमधून 2,750 निघाल्या, 60 परत गेल्या. म्हणजे वेस्टेज 190. पैकी मेकरेडी 140, रनिंग 50. मेकरेडीला वेळही 40 ऐवजी 65 मिनिटं लागला. दोष छपाईत नाही, रंग आणि रजिस्टर जुळवण्यात आहे. पुढच्या एस्टिमेटला तेवढाच आकडा तपासा.

जॉब बंद करण्याआधी उरलेल्या कागदाची रिटर्न एंट्री हवीच. नाहीतर त्या 60 शीटही वेस्टेजमध्ये दिसतात आणि मशीनमन उगाच बोलणी खातो.