स्मृती गेलेली सून: मालिका लिहिताना या चुका टाळा

नवे लेखक मला मालिकेचा कथाविस्तार वाचायला देतात, तेव्हा नायिका जिन्यावरून पडली की ती नेमके काय विसरली आहे, हे मी सर्वांत आधी शोधतो. बहुतेकदा "सगळे विसरली" एवढेच लिहिलेले असते, आणि पुढचे सारे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

डोक्याला मार बसल्यावर साधारणपणे अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो, कधी त्याआधीचे काही आठवडे किंवा महिनेही जातात. बालपण आणि माहेर सहसा शाबूत राहते. हाताला लागलेली सवय ही वेगळ्या प्रकारची स्मृती असल्याने तीही बहुधा टिकते. स्वतःचे नावच विसरणे दुर्मीळ असून त्यामागे बहुधा मानसिक आघात असतो.

करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर चित्रीकरण चालू असताना मला हे कळले. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून चुलीपुढे पीठ हातात घेऊन गोंधळून बसते, असे मी लिहिले होते. स्वयंपाकाला आलेल्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "सायेब, नवरा इसरंल बाई, पण ल्हानपणापास्नं थापल्याली भाकरी हात कसा इसरंल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मी प्रसंग नव्याने लिहिला. ती सहज भाकरी थापते, भाकरी टम्म फुगते, माहेरच्या सवयीने पहिली भाकरी ती वडिलांसाठी बाजूला काढते, आणि ताटावर बसलेल्या नवऱ्याला मात्र "आपण कोण?" असे विचारते.

तेव्हापासून नायिकेची स्मृती जिथे तुटते ती तारीख मी वहीच्या एका पानावर लिहितो. त्या तारखेनंतर भेटलेली माणसे नायिकेला अनोळखी, आधीची ओळखीची. पटकथा आणि संवाद वेगवेगळे लोक लिहितात, म्हणून या पानाची प्रत संवादलेखकाला देतोच. नाहीतर तिसऱ्याच भागात ती जावेला नावाने हाक मारते.

दुसरा मार बसून स्मृती परत आणणे हा निव्वळ उतावळेपणा आहे, कारण दुसऱ्या माराने दुखापत वाढते. आठवणी तुकड्यातुकड्यांनी, बहुधा जुन्या आधी, परत येतात. अपघाताचा क्षण तर अनेकदा कधीच परत येत नाही, कारण तो मेंदूत साठवलाच गेलेला नसतो. त्यामुळे "मला काकूंनीच ढकलले" हे नायिकेला शेवटी आठवेल, या भरवशावर शंभर भाग रचू नका. जिन्यावर सापडलेली काकूंची फुटकी बांगडी पहिल्याच भागात कोणाच्या तरी हाती द्या. काकूंनी ढकलावे असे कारणही तेव्हाच ठरवा.

हरवलेल्या वारसाची ओळख लॉकेटवर भागवू नका. सात वर्षे ठावठिकाणा नसलेला माणूस कायद्याने मृत मानला जाऊ शकतो, म्हणून तो परततो तेव्हा सातबाऱ्यावर भावाचे नाव लागून गेलेले असू शकते, आणि खरा प्रसंग त्या भावाच्या चेहऱ्यावर आहे.