दोन परदेशी ऑफर, एकच घर : पगाराचा आकडा कसा सोलून बघायचा

हातात दोन ऑफर लेटर घेऊन बरेच जण विचारायला येतात. एक दुबईचं, एक जर्मनीतलं. दोन्हीकडचा आकडा युरोत केला की जवळपास सारखाच दिसतो. मग वाक्य ठरलेलं असतं : "दुबईत टॅक्स नाही, म्हणजे तिथेच जास्त उरणार ना?" मी दोन्हीकडे संसार केला आहे, आधी दुबईत आणि आता म्युनिकमध्ये. त्यामुळे मी उत्तराआधी उलट विचारते : घरात माणसं किती, आणि मूल शाळेत जातं का? या दोन गोष्टी कळेपर्यंत पगाराच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

उदाहरण घेऊन बसू. नवरा, बायको आणि तिसरीतलं एक मूल. सध्या कमावणारं एकच. म्युनिकची ऑफर वर्षाला ७२,००० युरो, म्हणजे महिन्याला ६,०००. दुबईची ऑफर महिन्याला २५,००० दिरहॅम. एका युरोला ४.२ दिरहॅम धरले तर हे साधारण ५,९५० युरो होतात. दोन्ही आकडे जुळे भासतात. पण म्युनिकचा आकडा कपातीआधीचा आहे आणि दुबईचा जवळपास पूर्ण हातात येणारा. खालचं घरभाडं, शाळेची फी वगैरे मी हिशेबासाठी धरलेले आकडे आहेत. तुम्ही आपले घालायचे. नियम आणि दर २०२५ सालचे आहेत.

आधी म्युनिक. ६,००० मधून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि वृद्धसेवा विमा यांत मिळून सुमारे १,२०० युरो कापले जातात. उरलेल्यावर आयकर लागतो, आणि तो तुमच्या टॅक्स क्लासवर ठरतो. जोडीदार कमावत नसेल आणि सोबत जर्मनीत राहत असेल तर क्लास तीन मिळतो. तेव्हा हातात साधारण ४,१४० येतात. एकट्या माणसाला क्लास एक लागतो आणि त्याच पगारात हातात सुमारे ३,६५० येतात. फरक महिन्याला पाचशेच्या आसपास आहे. म्हणून "मी आधी जातो, कुटुंब सहा महिन्यांनी येईल" असं ठरवलं असेल, तर ते सहा महिने क्लास एकचा पगार धरा. कुटुंब त्याच कॅलेंडर वर्षात आलं तर वर्षअखेरीच्या विवरणपत्रात एकत्र कर भरून बराचसा फरक परत मिळतो. पण तो पुढच्या वर्षी मिळतो, आणि भाडं मात्र याच महिन्यात द्यायचं असतं.

४,१४० मध्ये मुलामागचे सरकारी २५५ युरो, म्हणजे किंडरगेल्ड, मिळवा. झाले ४,३९५. आता भाडं. जर्मनीत जाहिरातीत दोन भाडी असतात : काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं, आणि वार्ममीटे, ज्यात हीटिंग, पाणी आणि इमारतीचे खर्च धरलेले असतात. ऑफर तोलताना नेहमी वार्म घ्या. वीज त्यातही नसते. २,००० वार्म भाडं, वीज आणि इंटरनेटचे १२०, दोघांचे प्रत्येकी ५८ युरोंचे मासिक प्रवासपास आणि रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क १८ युरो वजा केले की सुमारे २,१४० उरतात. शाळा सरकारी असेल तर फी नाही. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मूल जास्तीचा हप्ता न भरता येतात. या दोन ओळी ऑफर लेटरमध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात.

आता दुबई. २५,००० मधून दोन बेडरूमचं घर वर्षाला १,१०,००० ला धरू. त्यावर पाच टक्के महापालिकेचं गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून जातं. घराचे महिन्याला ९,६२५ झाले. शाळेची फी आणि बस मिळून वर्षाला ३१,०००, म्हणजे महिन्याला २,५८०. आरोग्य विमा कर्मचाऱ्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण कुटुंबाचा विमा व्हिसा काढणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर पडतो. त्याचे वर्षाला ८,००० धरले तर महिन्याला ६७०. वीज, पाणी आणि इंटरनेटचे १,०००, गाडीचे २,०००. उरले ९,१२५ दिरहॅम, म्हणजे सुमारे २,१७० युरो.

म्हणजे किराण्याआधी दोन्हीकडे जवळपास सारखंच उरतं. हातात येणाऱ्या पगारातला अठराशे युरोंचा फरक भाडं, शाळा, विमा आणि गाडीने गिळला.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. घरातली माणसं बदला, उत्तर उलटतं. एकटा माणूस असेल तर दुबईत ७०,००० च्या घरात सगळं देऊन १६,२७५ दिरहॅम, म्हणजे ३,८७५ युरो उरतात. म्युनिकमध्ये १,३०० वार्म भाडं आणि वीज, पास वगैरे धरलं तर २,१७० च्या आसपास. एकट्यासाठी दुबई दरमहा सतराशेने पुढे, आणि तिथे मी निःशंकपणे दुबई सुचवते. उलट, दुसरं मूल शाळेत जाऊ लागलं की दुबईत फी आणि विम्याचे जवळपास २,९०० दिरहॅम वाढतात आणि म्युनिकमध्ये किंडरगेल्डचे आणखी २५५ युरो मिळतात. मग म्युनिक नऊशेच्या वर पुढे जातं. धाकटं मूल दोन वर्षांनी शाळेत जाणार असेल तर आजचा नव्हे, त्या वर्षीचा हिशेब मांडा. कंपनी शाळेची फी देत असेल तर मात्र दुबईचं पारडं लगेच जड होतं, कारण तिथल्या खर्चात भाड्याखालोखाल मोठी ओळ तीच आहे. जोडीदार नोकरी करणार असेल तर दोन्ही हिशेब नव्याने करावे लागतात. तेव्हा जर्मनीत क्लास तीनचा फायदाही तसाच राहत नाही.

शंभर युरोंच्या फरकावर निर्णय घेऊ नका. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे युरो-डॉलर हलला की दुबईची शिल्लक युरोत हलते. वरचे ९,१२५ दिरहॅम ४.० च्या दराने २,२८० होतात आणि ४.३ ने २,१२०.

हातात न येणारा पैसा वेगळ्या रकान्यात लिहा. दुबईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते : एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. लक्ष "मूळ" या शब्दाकडे द्या. २५,००० पैकी बेसिक १२,५०० असेल तर वर्षाला ८,७५० दिरहॅम जमतात. बेसिक १५,००० असेल तर १०,५००. एकूण पगार तोच राहतो, कंपनीला आज काही जास्त मोजावं लागत नाही, म्हणून वाटाघाटीत हे मागणं सोपं जातं. जर्मनीत तुमच्या पगारातून दरमहा ५५८ युरो पेन्शनमध्ये जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पण त्या पेन्शनचा हक्क साधारण पाच वर्षं भरल्यावर तयार होतो. दोन वर्षांत निघायचं असेल तर ही रक्कम संपत्ती म्हणून मोजू नका.

आजारपण आणि नोकरी जाणं हेही याच रकान्यात येतं. जर्मनीत आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. बारा महिने हप्ते भरले असतील तर नोकरी गेल्यावर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के बेकारी भत्ता मिळतो. दुबईत प्रोबेशननंतर वर्षाला ९० दिवस आजारी रजा आहे, पण त्यातले १५ दिवस पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगारी आणि बाकी बिनपगारी. रजांचा आकडाही फसवा असतो : दुबईचे ३० दिवस कॅलेंडरचे, म्हणजे कामाचे साधारण २२. जर्मन पत्रातले २८ किंवा ३० दिवस सहसा कामाचेच असतात.

राहिला सुरुवातीचा खर्च. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे : पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोख किती लागेल, आणि त्यातलं कायमचं जाणार किती. दुबईत भाडं महिन्याने नाही, पुढच्या तारखांच्या चेकने जातं. चार चेक धरले तरी पहिला २७,५०० चा. पाच टक्के अनामत ५,५००, एजंटचे पाच टक्के ५,५००, वीज-पाण्याची अनामत २,०००. चाळीस हजारांच्या वर रोख झाली, शाळेचा पहिला हप्ता वेगळा. शिवाय चेकबुकासाठी बँक खातं लागतं आणि खात्यासाठी तिथलं ओळखपत्र, म्हणून पहिले काही आठवडे तात्पुरत्या घरात जातात. घरभत्त्याची आगाऊ रक्कम मिळेल का, हे सही करण्याआधी विचारा. अनेक कंपन्या देतात आणि पुढच्या पगारांतून वळती करतात.

म्युनिकमध्ये अनामत तीन काल्टमीटेपर्यंत असू शकते. १,६५० च्या हिशेबाने ४,९५०. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ती परत मिळते. स्वयंपाकघराची मात्र तशी खात्री नाही. बऱ्याच घरांत ओटा, कपाटं, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नुसते पाइप आलेले असतात. त्यासाठी तीन हजार बाजूला ठेवा. घरमालक पगाराच्या तीन स्लिपा मागतात आणि नवीन माणसाकडे त्या नसतात, म्हणून दोन महिने महागड्या फर्निश्ड घरात काढावे लागतात. कंपनीने रोख रक्कम देण्याऐवजी हे दोन महिने स्वतः बुक करून दिले तर ती मदत मोठी समजा.

आणि रोखीतच देत असतील तर शब्द नीट वाचा. जर्मनीत "स्थलांतर बोनस ३,००० युरो" हा पगारच मानला जातो, कपात होऊन क्लास तीनमध्ये हातात सुमारे दोन तृतीयांश येतो. तेच तीन हजार "पावत्यांनुसार स्थलांतर खर्चाची भरपाई" म्हणून दिले तर नोकरीमुळे झालेल्या स्थलांतरासाठी ते नियमांच्या मर्यादेत करमुक्त मिळू शकतात. एचआरला एवढंच लिहा : "ही रक्कम पावत्यांवर भरपाई म्हणून देता येईल का?" त्याच मेलमध्ये परतफेडीचं कलमही विचारून घ्या. वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर स्थलांतराचा खर्च परत द्यावा लागतो, असं दोन्हीकडच्या करारांत आढळतं. परतफेड दर महिन्याने कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, कंपनीने काढलं तरीही लागू होते का, आणि कापून मिळालेल्या बोनसची परतफेड कापण्याआधीच्या रकमेने मागणार का, या तिन्हींची उत्तरं लेखी हवीत. सही करण्याआधीच ती मागा.