कर्सर दाखवतोय ते आवाजाने सांगू नका

म्हापशातल्या एका होमस्टेच्या बुकिंग अ‍ॅपच्या डेमो व्हिडिओचं निवेदन लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "आता वर उजवीकडच्या निळ्या बटणावर क्लिक करा, म्हणजे कॅलेंडर उघडेल." वाचायला पाच सेकंद लागले, क्लिक एका सेकंदात झाला. तिथून पुढे आवाज कायम मागेच.

मग आधी स्क्रीन रेकॉर्ड केली, प्रत्येक क्लिकची वेळ कागदावर मांडली आणि दोन क्लिकांच्या मधे मावेल एवढंच वाक्य ठेवलं: "शिगम्याच्या तारखा निवडा." मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य क्लिकच्या थोडं आधी सुरू करायचं, म्हणजे 'निवडा' नेमकं क्लिकवर पडतं.

अशी वाचवलेली जागा न दिसणाऱ्या गोष्टीला दिली: "खोली राखून ठेवली, पैसे अजून कापलेले नाहीत." हे पडद्यावर कुठेच कळत नव्हतं. पान लोड होताना गप्प राहिलो. शांतता भरून काढायची खाज मलाही सुटते म्हणा! बटणाचं नाव फक्त Hold आणि Book शेजारी-शेजारी आले तिथेच घेतलं, कारण तिथे पाहणारा हमखास चुकतो.