थंडीत आणि कडक उन्हात स्मार्टवॉचची बॅटरी व टच कसे सांभाळावेत

जानेवारीतल्या एका पहाटे मी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळून सायकलने पाचगणीकडे निघालो, तेव्हा गवतावरचे दहिवर गोठून पांढरे झाले होते. स्मार्टवॉच मनगटावर न बांधता, दिसायला सोयीचे म्हणून हँडलला बांधले होते. निघताना बॅटरी 24 टक्के होती आणि अर्ध्या तासातच पडदा काळा पडला. घड्याळ सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. पाचगणीत चहा घेऊन ते पुन्हा सुरू केले, तेव्हा बॅटरी 20 टक्के दाखवत होती. म्हणजे चार्ज संपलेला नव्हता, फक्त तो थंडीत बाहेर येत नव्हता.

लिथियम-आयन बॅटरीत वीज वाहून नेण्याचे काम करणारे द्रव्य गारठ्यात मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी जीपीएस किंवा पडद्याच्या प्रकाशासाठी घड्याळाने एकदम जास्त वीज मागितली, की व्होल्टेज क्षणभर खाली घसरते. ते ठरलेल्या मर्यादेखाली गेले, की आत वीज शिल्लक असूनही घड्याळ स्वतःला बंद करून घेते. माझी बॅटरी तीन वर्षे जुनी होती. जुन्या बॅटरीचा रोध मुळातच वाढलेला असल्याने हा प्रकार तिच्यात लवकर दिसतो आणि चार्ज कमी असताना अधिक दिसतो. म्हणून पहाटेच्या फेरीसाठी निघताना बॅटरी निम्म्याच्या वर ठेवावी, हा पहिला आणि सर्वांत सोपा उपाय आहे.

दुसरी पायरी घड्याळाच्या जागेची. घड्याळ मनगटावरच बांधावे आणि वरून जॅकेटची किंवा स्वेटरची बाही ओढून घ्यावी. मनगटाची कातडी घड्याळाच्या पाठीला सतत ऊब देत राहते आणि बाही वारा अडवते. सातारा शहरातल्या दहा-बारा अंशांच्या पहाटे एवढे केले, तर बॅटरीवर थंडीचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही. सायकलच्या हँडलवर मात्र ही ऊब मिळत नाही आणि वारा सतत लागत राहतो.

आपल्या घड्याळाचे काय होते, ते स्वतः तपासून पाहावे. एकच रस्ता, एकच वेळ आणि सारख्याच सेटिंग्ज ठेवून एक दिवस घड्याळ बाहीखाली आणि दुसऱ्या दिवशी हँडलवर बांधावे. नाडी मोजणारा सेन्सर दोन्ही दिवशी बंद ठेवावा, कारण मनगट सापडले नाही की तो नाडी शोधत राहू शकतो आणि तुलना बिघडते. समजा, दोन तासांच्या फेरीत बाहीखालचे घड्याळ 90 वरून 72 वर आले, तर खर्च ताशी 9 टक्के झाला. हँडलवरचे 90 वरून 66 वर आले, तर ताशी 12 टक्के. घरी आल्यावर घड्याळ तासभर खोलीत तसेच ठेवावे आणि चार्जिंगला न लावता आकडा पुन्हा पाहावा. तो थोडा वर सरकला, तर घट थंडीची होती. तसाच राहिला, तर वीज खरोखर खर्च झाली असण्याची शक्यता जास्त.

गारठलेले घड्याळ लगेच चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखालच्या बॅटरीत चार्जिंग केल्यास लिथियमचा धातुरूप थर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. आपल्याकडे इतकी थंडी क्वचितच पडते, पण हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी हे जपावे: रात्री घड्याळ झोपण्याच्या पिशवीत घ्यावे आणि सकाळी ते कोमट झाल्यावरच पॉवर बँक जोडावी.

उन्हाची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते आपल्या भागात खरी काळजी तीच. थंडीतली घट बहुतांशी तात्पुरती असते, तर उष्णतेने झालेली झीज कायमची. ॲपल वॉचची Ultra सोडून इतर मॉडेल वापरण्यासाठी कंपनीने 0 ते 35 अंशांची हवा योग्य मानली आहे, आणि मे महिन्यात जत, आटपाडी किंवा माणच्या उघड्या रानात सावलीतला पारासुद्धा 40 अंशांच्या आसपास जातो. वरून काळ्या काचेवर थेट ऊन पडले, तर ती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मग घड्याळ पडद्याचा प्रकाश कमी करते, चार्जिंग थांबवते किंवा तापमानाची सूचना देऊन बंद होते. हा बिघाड नसून बचाव आहे, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करू नये.

द्राक्षबागेत किंवा रस्त्याच्या कामावर दिवसभर उन्हात राहणाऱ्यांनीही बाहीचाच आधार घ्यावा. सैल, फिकट सुती बाही काचेवर सावली धरते. उन्हात ठेवलेल्या काचेपुढे शरीराचे तापमान थंडच म्हणायचे. सेटिंगमध्ये जाऊन `Always On Display` बंद करावे, कारण उन्हात पडदा सर्वाधिक प्रकाश देतो आणि त्यातून उष्णता व वीजखर्च दोन्ही वाढतात. घड्याळ काढायचेच झाले, तर गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत न ठेवता सावलीत कापडात गुंडाळून ठेवावे. घरी आल्यावर पाठ हाताला कोमटही लागत नाही, इतके ते निवू द्यावे आणि मगच चार्ज करावे. तापलेले घड्याळ फ्रिजमध्ये ठेवू नये. आत पाणी धरण्याचा धोका असतो. काच एका कडेने वर आलेली किंवा पाठीजवळ फट पडलेली दिसली, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असे घड्याळ चार्जही करू नये आणि मनगटावरही ठेवू नये.

बाहीची एक अडचण मात्र सांगायला हवी, आणि ती टचशी जोडलेली आहे. पडद्याखालची जाळी बोटामुळे होणारा विद्युत धारणेचा अतिसूक्ष्म बदल ओळखते. घामात क्षार असल्याने तोही वीज वाहतो. घामाने भिजलेली बाही काचेला चिकटली, की घड्याळाला ते बोटच वाटते. धावताना नोंद मध्येच थांबलेली आढळते, ती बहुधा यामुळे. म्हणून धावायला सुरुवात केल्यावर `Water Lock` किंवा तत्सम टच-लॉक चालू करावे आणि पुढचे काम बाजूच्या बटणांवर करावे. काच पुसायची तर कोरड्या कापडाने, कारण ओल्या बोटाने घाम फक्त पसरतो.

थंडीत याच्या उलट घडते. बोटाची कातडी कोरडी, टणक होते आणि जाळीला तिची चाहूल नीट लागत नाही. साधा लोकरी हातमोजा असेल, तर मुळीच लागत नाही. अशा वेळी पडदा जोरात दाबून उपयोग नसतो, कारण तो दाब मोजत नाही. बोटाच्या टोकावर तोंडाची वाफ सोडावी, म्हणजे कातडी किंचित ओलसर होते, आणि टोकाऐवजी बोटाचा मांसल भाग काचेवर सपाट टेकवावा. काचेवर दव असेल, तर ते आधी पुसून घ्यावे. एवढे करूनही टच चालला नाही, तर घड्याळ पाच-दहा मिनिटे बाहीखाली ऊब घेऊ द्यावे आणि पुन्हा पाहावे. खोलीच्या उबेतही तो अडखळत असेल, तरच दोष घड्याळात आहे असे समजून ते दुरुस्तीला न्यावे.