क्रिप्टो विकलं, पैसे बँकेने परत पाठवले: नावाचा घोळ कसा सोडवावा

पैसे परत आले की आधी एक्सचेंजवरचं रुपयांचं वॉलेट उघडून बघा. रक्कम तिथे दिसत असेल तर पैसे सुरक्षित आहेत, फक्त वाट अडली आहे. व्यवहारापुढे Success लिहिलंय, पण पैसे वॉलेटमध्येही नाहीत आणि खात्यातही नाहीत, असं असेल तर एक्सचेंजकडून UTR नंबर, म्हणजे बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागून घ्या. आयएमपीएस असेल तर बारा आकडी RRN मिळेल. एनईएफटीने आलेली आणि जमा न होणारी रक्कम बॅच मिटल्यापासून दोन तासांत परत पाठवायची, असा नियम आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही पैशाचा पत्ता नसेल तर तो नंबर घेऊन शाखेत जा. नंबर नसला तर काउंटरवर कुणी काही शोधून देऊ शकत नाही.

या काळात घाबरून पुन्हा नाणी विकत घेऊ नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो सरळ तोट्याचा आहे. समजा ६०,००० रुपयांची विक्री झाली, तेव्हा एक टक्का टीडीएस, म्हणजे ६०० रुपये, कापले गेले. हा टीडीएस विक्रीवर असतो. पैसे बँकेत पोचले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून पैसे परत आले तरी तो परत येत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात हिशेबात धरता येतो. उरलेल्या ५९,४०० चं पुन्हा क्रिप्टो घेऊन विकलंत तर तोच एक टक्का दुसऱ्यांदा जाईल, शिवाय एक्सचेंजचं शुल्क दोनदा लागेल.

आता खरं काम: नाव नेमकं कुठे अडलं ते शोधणं. एक्सचेंजवरचं नाव तुमच्या पॅनवरून आलेलं असतं. बँकखातं जोडताना एक्सचेंज त्यात बहुधा एक रुपया टाकतं आणि बँकेच्या नोंदीतलं नाव उत्तरात परत मिळवतं. ही दोन नावं संगणक ताडून बघतो. ती पुरेशी जुळली नाहीत तर खातं जोडलंच जात नाही, किंवा आधी जोडलेल्या खात्याची पुढे पुन्हा तपासणी होते तेव्हा पैसे अडतात. शिवाय छोट्या सहकारी बँकांत काही वेळा आलेली रक्कम माणूस तपासून जमा करतो, आणि नाव वेगळं दिसलं की ती परत लावतो.

म्हणून पासबुकावरच्या नावावर विसंबू नका. ते दहा वर्षांपूर्वी छापलेलं असू शकतं. बँकेच्या संगणकात आज काय आहे ते बघायचं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला त्यांच्या नेट बँकिंगमधून तुमचं खातं आणि आयएफएससी भरून लाभार्थी म्हणून नोंदवायला सांगा. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना द्यायची आहे. स्क्रीनवर जे अक्षर न् अक्षर दिसेल ते कागदावर उतरवा, खाली पॅनवरचं लिहा. उदाहरणार्थ:

```
PAN : DNYANESHWAR PARASHRAM PATIL
BANK: PATIL JNANESHWAR P
```

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा घोळ जास्त दिसतो, आणि त्याचं कारण साधं आहे. मराठीत आपण ‘ज्ञ’ला ‘द्न्य’ म्हणतो, म्हणून पॅनच्या अर्जात Dn लिहितो. कन्नड कागदावरून तेच अक्षर इंग्रजीत करणारा माणूस मात्र बहुधा Jn लिहितो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. वरच्या उदाहरणात आडनाव आधी असणं बहुधा चालून जातं. अडतं ते Dn-Jn मुळे आणि वडिलांच्या नावाऐवजी नुसता P असल्यामुळे. लग्नानंतर बदललेलं नाव तर पूर्णच वेगळं: पॅन माहेरच्या नावाचं, खातं सासरच्या नावाचं.

मग बदलायचं कुठे? बँकेत. पॅन बदलू नका. पॅनवर एक्सचेंज, डिमॅट, आधार जोडणी आणि विवरणपत्र सगळं टांगलेलं असतं; ते हलवलं की एकाऐवजी चार ठिकाणी नाव जुळेनासं होतं. पॅनवरचं नाव स्वतःच चुकलेलं असेल, म्हणजे आधारशीही जुळत नसेल, तरच आधी पॅन दुरुस्त करा आणि मग एक्सचेंजची केवायसी नव्याने करा. लग्नानंतरचं नावच पुढे वापरायचं ठरवलं असेल तरीही क्रम हाच.

शाखेत केवायसी दुरुस्तीचा अर्ज मागा. बेळगाव पट्ट्यात तो बहुधा कन्नड-इंग्रजीत असेल. नाव इंग्रजी ठळक अक्षरांत, पॅनवर आहे तसंच लिहा, आणि सोबत पॅन व आधारची प्रत स्वाक्षरी करून जोडा. नाव लग्नामुळे बदललं असेल तर सरकारी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. आता सगळ्यात महत्त्वाचं: बँकेत नाव दोन जागी असतं, एक ग्राहक क्रमांकाखाली आणि दुसरं खात्याच्या मथळ्यात. पुष्कळदा पहिलं बदलतात आणि दुसरं तसंच राहतं. तुम्हाला ‘झालं’ असं सांगितलं जातं, पुढच्या वेळी पैसे पुन्हा परत येतात आणि दोष एक्सचेंजला दिला जातो. म्हणून अर्जातच ‘ग्राहक क्रमांक आणि खात्याचं नाव, दोन्ही’ असं लिहा आणि पोच घ्या. बदल झाल्यावर घरच्यांना सांगून तीच नाव-तपासणी पुन्हा करा. पडद्यावर नवं नाव दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

दोन प्रकारच्या खात्यांत हा उपाय लागू पडत नाही. सौहार्द सोसायटीचं खातं असेल तर तिचा आयएफएससी बहुधा दुसऱ्या बँकेचा असतो आणि उत्तरात सोसायटीचं नाव येऊ शकतं. तुमचं नाव तिथे कितीही सुधारलं तरी जुळणार नाही. दुकानाच्या नावाचं चालू खातंही व्यक्तीच्या एक्सचेंज खात्याला चालत नाही. अशा वेळी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत स्वतःच्या पूर्ण नावाचं बचत खातं काढा. संयुक्त खात्यात पहिलं नाव तुमचं हवं.

‘भावाचं खातं जोड’ हा सल्ला ऐकू नका. एक्सचेंज ते नाकारेल, आणि चुकून चाललं तर पैशाचा माग दुसऱ्याच्या नावावर जाईल. ‘ओळखीच्या माणसाला नाणी दे, तो खात्यात पैसे टाकेल’ हे त्याहून धोक्याचं. त्याच्याकडून खात्यात आलेली रक्कम कुणाच्या फसवणुकीतली निघाली तर सायबर तक्रारीवरून तुमचं खातं गोठतं, आणि तक्रार कुठल्या राज्यात नोंदली गेली त्याप्रमाणे तिथपर्यंत खेटे घालावे लागतात. नाव जुळवून देण्यासाठी फोनवर शुल्क मागणारा माणूस एक्सचेंजचा नसतोच.

शेवटी एक्सचेंजवरचं जुनं बँकखातं काढून तेच नव्याने जोडा, नाहीतर जुनी तपासणीच नोंदीत राहू शकते. पहिली रक्कम एक्सचेंज देईल तेवढी लहानात लहान काढा. ती खात्यात दिसली की उरलेली काढा.